तिसऱ्या निरीच्या आत

संक्रांतीचं ऊन तिरकं येतं. दक्षिणेकडे कललेला सूर्य नऊ वाजले तरी खिडकीच्या खालच्या गजांतूनच आत डोकावतो, फरशीवर लांबट पट्टे पाडतो, देवापुढे मांडलेल्या सुगडांच्या काठांवर क्षणभर रेंगाळतो, त्यांतल्या हरभऱ्याच्या घाट्यांवरची लव उजळतो, बोरांच्या सालीवर तांबूस चमक ठेवतो, आणि मग हळूहळू दाराशी उभ्या असलेल्या बाईच्या काळ्या निऱ्यांवर चढू लागतो. एरवी सणावारी जो रंग कपाटात मागे सारला जातो, तो या एका सणाला मानानं पुढे येतो. ऐन थंडीतला सण, आणि काळा रंग ऊन धरून ठेवतो, अंगाला ऊब देतो. घरातल्या जुन्या बायका एवढंच कारण सांगायच्या आणि ते पुरेसं असायचं. काळ्यावर पांढरा हलवा. गळ्यात, कानांत, मनगटांवर, कमरेला. साखरेचे इवले काटेरी दाणे त्या उन्हात असे उजळतात की बघणाऱ्याचा हात आपोआप फोनकडे जातो.

फोटो निघतो. आणि फोटोखाली एक रिकामी जागा उरते.

त्या जागेत काय लिहायचं, हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. सकाळपासून फोनवर येऊन पडलेलं असं पुष्कळ काही हाताशी असतं: पतंग, तिळाचे लाडू, कलश, सोनेरी अक्षरं, तिळाचा गोडवा नात्यांत उतरो अशा अर्थाच्या चार ओळी. पाठवणाऱ्यानं त्या मनापासून पाठवलेल्या असतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही वाकडं नाही. पण त्याच ओळी उचलून एखादी मुलगी आपल्या पहिल्या संक्रांतीच्या फोटोखाली चिकटवते तेव्हा मला हुरहूर लागते. ती ओळ तिच्याकडे बघतच नाही. समोर चंद्रकळा नेसून, मान ताठ धरून, हसू दाबून ती उभी आहे आणि खालची अक्षरं भलतीकडेच कुठेतरी, सगळ्यांकडे, म्हणजे कुणाकडेच न बघता शुभेच्छा देत आहेत.

दुसरी एक तऱ्हा आहे, यमकाची. नथीचा तोरा, काळ्या साडीचा थाट, मराठमोळी ऐट, अशी मापून कापलेली, कुठेही बसणारी वाक्यं. ती वाचायला गोड लागतात. पण ती सांगतात काय? नाकात नथ आहे, साडी काळी आहे, कपाळावर चंद्रकोर आहे. हे तर फोटोत दिसतंच आहे. डोळ्यांनी आधीच टिपलेलं अक्षरं पुन्हा सांगतात, वर एखादं विशेषण ठेवतात, आणि वाचणारा पुढच्या फोटोकडे सरकतो. त्याच्याजवळ काही राहत नाही.

फोटोला काय दिसत नाही, तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं.

आणि काळ्या साडीच्या फोटोला तर किती तरी दिसत नाही. फोनचा कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं असेल असं धरून चालतो. समोर काळं भरपूर दिसलं की तो उजेड वाढवतो. साडीचा गर्द काळा विटून राखाडी होतो आणि त्यावरचा हलवा पांढरा भगभगीत होऊन जातो, त्याचे काटे पुसले जातात, दाणा आणि मोती यांत फरक उरत नाही. मग पडद्यावर हलव्याच्या दाण्यावर बोट ठेवावं, उजेड थोडा खाली ओढावा. काटे परत येतात, एकेक दाणा वेगळा होतो. पण आता साडी काळोखात बुडते, तिच्यावरची बारीक जरीची टिकली, पदराच्या कडेची लाल रेघ, घड्यांच्या जुन्या खुणा, सगळं त्या काळोखात जातं. खिडकीच्या बाजूला उभं राहून, ऊन एका कुशीवर घेऊन पाहिलं तर दोन्ही थोडं थोडं सापडतं. पूर्ण कधीच नाही. एक राखायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि जे सुटलं ते लिहायला जागा खालीच आहे.

मग रंगाच्याही पलीकडचं. हलव्याच्या माळेला वजन असतं. सुतात ओवलेले ते दाणे मानेवर थंड लागतात, मग अंगाच्या उबेनं किंचित चिकट होतात, काटे गळ्याशी हलकेच टोचत राहतात. कपाटातून काढलेल्या साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, त्यात वेलदोड्याचा आणि स्वयंपाकघरात भाजल्या जाणाऱ्या तिळांचा वास मिसळत जातो. बांगड्या एकमेकींवर आपटतात तेव्हा काचेचा किणकिणाट येत नाही, कोरडा, खडीसाखरेच्या डब्यासारखा आवाज येतो. पायांशी कुठून तरी मुंग्यांची एक रांग निघालेली असते. यांतलं काहीही कॅमेऱ्यात शिरत नाही.

आमच्या आईच्या पेटीत फोटोंचा एक जुना लिफाफा होता. काळे-पांढरे, नक्षीदार कडांचे, हातात घेतले की किंचित वळणारे फोटो. ते मी लहानपणापासून पाहत आले, पण मला ते उलटे धरायलाच जास्त आवडायचं. कारण पाठीमागे लिहिलेलं असे. दौतीच्या निळ्या शाईत, वडिलांच्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत, कधी पेन्सिलीनं आईच्या हातचं. एका फोटोमागे होतं: ‘सौ. ताईची पहिली संक्रांत, १९६८. साडी काळी, काठ लाल. पाटल्या वन्संच्या.’ एवढंच. साडी काळी हे लिहिण्याचं कारण साधं होतं, काळ्या-पांढऱ्या फोटोत गर्द जांभळी साडीही काळीच दिसते, लाल काठ तर तिच्यात मिसळूनच जातो. फोटोला रंग कळला नव्हता, म्हणून हातानं रंग लिहून ठेवला. आणि पाटल्या कुणाच्या हे तर कुठल्याच फोटोला कळणार नव्हतं. उसन्या पाटल्या. त्या दोन शब्दांत त्या घरातली तंगी होती, त्या तंगीतही लेकीसुनेचे हात मोकळे राहू नयेत म्हणून नणंदेनं काढून दिलेलं सोनं होतं, आणि ते मान्य करून लिहून ठेवणारा एक सरळ स्वभाव होता.

ज्यांनी ते लिहिलं त्यांना सुंदर लिहायचं नव्हतं. पुढे कुणीतरी हा फोटो हातात घेईल आणि विचारेल, त्याला कळावं, इतकीच त्यांची इच्छा. म्हणून नाव, साल, रंग, आणि एखादी अशी गोष्ट की जी त्या खोलीत हजर असलेल्यांनाच ठाऊक होती. ती अक्षरं दुसऱ्या कुठल्याही फोटोमागे बसली नसती. आजही कुणाची ओळ वाचली की मी मनात तिला उचलते आणि दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली ठेवून बघते. शेजारणीच्या, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या, जिला कधी भेटलेही नाही अशा एखाद्या नटीच्या. तिथेही ती सुखानं नांदली, तर ती अजून तिची झालेली नाही.

माझ्या भाचीची यंदा पहिली संक्रांत होती. तिनं नेसलेली चंद्रकळा माझ्या आईची, म्हणजे तिच्या आजीची. दागिने तिच्या आत्यानं मिरजेला घरी केलेले. फोटो सुरेख आला होता. खिडकीशी, किंचित तिरपी उभी, एक खांदा उजळलेला, एक सावलीत, गळ्यात हलव्याचा तन्मणी, हातांत बांगड्या, कमरेला पट्टा. दुपारी तिचा फोन आला. “मावशी, खाली दोन ओळी हव्यात. सगळ्यांसारख्या नकोत. मला सुचतच नाहीये.”

“तू काय लिहिलंयस?”

तिनं वाचून दाखवलं. ‘माझी पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने आणि खूप सारं प्रेम.’

त्यात खोटं काही नव्हतं. पहिल्या वाक्यात तर बातमीही होती. पण साडी दिसत होती, दागिने दिसत होते, आणि प्रेम हा शब्द इतका मोठा होता की त्यात तिचं प्रेम कुठलं आणि बाकीच्यांचं कुठलं हे ओळखू येईना. मी तिला म्हटलं, “कुणाचं प्रेम, ते सांग.” ती थोडी थांबली आणि म्हणाली, “आजीचं आणि आत्याचं.” मग दुसरा मसुदा आला: ‘आजीची चंद्रकळा, आत्याचा हलवा.’ हे खूपच बरं झालं. विशेषणं गळाली, माणसं आली. फोटोला माहीत नसलेल्या दोन गोष्टी चार शब्दांत आल्या. पण अजूनही ही ओळ उचलून दुसरीकडे ठेवता येत होती. ज्या मुलीला आजी आहे आणि हलवा करणारी आत्या आहे, अशा कुणाच्याही फोटोखाली ती बसली असती. आजी आली होती, पण आमची आई अजून आली नव्हती.

मी विचारलं, “साडी नेसताना काय झालं ते सांग बघू मला. पहिल्यापासून.”

आणि मग ती लिहायचं विसरून बोलायला लागली. साडी उलगडली तेव्हा घडीवर कशी चिरत आलेली दिसली, जर कशी काळवंडली आहे, नेसवायला तिची आई होती आणि सासूबाई पदर धरून उभ्या होत्या, निऱ्या घालताना मधेच त्यांना रफू सापडलं. सुपारीएवढ्या जागेत, काळ्या धाग्यानं काळ्यावर भरलेलं, बोट फिरवलं तरच कळणारं. तिला त्याची कथा ठाऊक नव्हती. मला होती. एका भाऊबिजेला मामाला ओवाळून आई वाकून तबक खाली ठेवत होती, आणि निरांजनाची ज्योत निरीला लागली. कुणीतरी हातानंच विझवली. आई त्या दिवशी ओवाळणी हातात घेऊन साडीसाठी रडली होती. पुढे बाजारपेठेतल्या रफूगरानं त्याच साडीच्या आतल्या कडेचे धागे काढून ती जागा भरून दिली. त्यानंतर आई ती साडी नेसताना निऱ्या जरा वेगळ्या घालायची, ती जागा नेमकी आत जाईल अशा. आणि त्या सकाळी भाचीच्या आईनंही, माझ्या बहिणीनं, न ठरवता तेच केलं होतं. हाताला आठवत होतं. तिसरी निरी जरा रुंद घेतली की जळालेली जागा आत वळते.

फोनवर आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही.

मग तिनं भराभर लिहून पाठवलं, सगळंच: भाऊबीज, मामा, निरांजन, रफूगर, आईचा हात, सासूबाईंनी धरलेला पदर, आत्याचा हलवा. खूप प्रेमानं लिहिलेलं होतं आणि खूप होतं. फोटोखालच्या जागेत हवं तर दोन हजारांवर अक्षरं मावतात, पण इन्स्टाग्रामवर बघणाऱ्याला आधी दीड-दोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला more वर बोट ठेवावं लागतं. त्या दीड ओळीत जर ‘आज सर्वांना सांगताना खूप आनंद होतोय की’ एवढंच आलं, तर साडी, आजी आणि ज्योत सगळी पडद्याआड राहतात. म्हणून सर्वांत आतलं जे, तेच सर्वांत आधी यायला हवं. बाकीचं नंतर, किंवा घरी जेवताना. एका फोटोला एक गोष्ट पुरते. दोन झाल्या तर त्या एकमेकींना धरून असाव्यात.

काय ठेवायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. मामा गेला, कारण त्याचं नाव आलं की भाऊबीज समजावावी लागे. रफूगर जाताना मला वाईट वाटलं. त्या माणसाच्या बोटांमुळेच ही साडी तिच्या अंगावर आली होती. आई रडली, हे मीच नको म्हटलं. आई आता नाही. तिचं रडणं तिनं आम्हां बहिणींसमोर रडलेलं होतं, ते भाचीच्या ऑफिसातल्या लोकांपुढे ठेवायचं की नाही हे तिला विचारता येणार नव्हतं. दुसऱ्याच्या आयुष्यातली गोष्ट आपल्या फोटोखाली घेताना मी एवढं बघते: ती व्यक्ती शेजारी उभी राहून वाचत असती तर तिला बरं वाटलं असतं का? साडी जळाली हे वाचून आई हसली असती. रडली हे वाचून गप्प झाली असती.

शेवटी उरलं ते असं: ‘आजीची चंद्रकळा. निरांजनानं जळालेली जागा तिसऱ्या निरीच्या आत आहे. गळ्यातला तीळ न् तीळ आत्याच्या हातचा.’

त्यात कुठेही सुंदर हा शब्द नाही, प्रेम नाही, परंपरा नाही. पण फोटो आता वेगळा दिसतो. मी तो पुन्हा उघडला तेव्हा माझी नजर चेहऱ्याकडे गेलीच नाही, सरळ निऱ्यांकडे गेली, आणि त्या मऊ काळ्या घड्यांत मी तिसरी मोजू लागले. बघणारे सगळेच मोजत असतील. दिसत काहीच नाही, ती जागा आत आहे, आणि तरी सगळ्यांना ती तिथे आहे हे माहीत झालेलं आहे. एका साध्या वाक्यानं त्या काळोखात एक छोटी ज्योत नेऊन ठेवली.

अशी गोष्ट प्रत्येकीकडे असतेच असं नाही. साडी परवाच दुकानातून आणलेली असू शकते, हलव्याचे दागिने विकत घेतलेले, आजी कधी पाहिलेलीच नसू शकते. तरी नेसण्याच्या अर्ध्या तासात त्या खोलीत पुष्कळ काही बोललं जातं, आणि माझा अनुभव असा की ओळ बहुतेक वेळा तिथेच उच्चारली गेलेली असते, कुणी ऐकून ठेवत नाही इतकंच. पिना तोंडात धरून कुणी बोलत असतं. “श्वास घे, मग सोड, मग खोचते.” “मान वळवू नकोस, तन्मणी तुटेल.” “बसू नको हं आता, दागिने काढेपर्यंत उभीच राहा.” भाचीला दागिने चढवताना आत्या व्हिडिओ कॉलवर मिरजेहून सांगत होती, “आरशात काय बघतेस, मुंग्या बघ खाली.” हे वाक्य जसंच्या तसं अवतरणात ठेवलं असतं तरी त्या फोटोला शोभलं असतं. त्यात तो गोडवा आहे, ती घाई आहे, दूर राहणाऱ्या आत्याचा आवाज आहे आणि मुंग्यांची ती रांगही. बोललेलं वाक्य कुणाची नक्कल असू शकत नाही. फक्त ते नीटनेटकं करायचा मोह टाळावा. ‘बघ खाली’ ला ‘खाली पाहा’ केलं की आत्या निघून जाते.

माझी एक मैत्रीण मुलीकडे कॅनडात असते. तिकडे जानेवारीत बाहेर बर्फ असतं आणि मंडळाचं हळदीकुंकू सवडीच्या शनिवारी होतं. रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून कुणाची अडचण होत नाही. तिचा काळ्या इरकलीतला फोटो आला, मागे पांढरंशुभ्र अंगण, चेहरा थंडीनं लाल. खाली तिनं लिहिलं होतं, ‘इरकल आईची. आत दोन स्वेटर माझे.’ मी तो फोटो बघत बसले. काळा रंग उबेसाठी, असं आमच्या आया सांगायच्या. ज्या थंडीत त्यांनी ते सांगितलं तिच्यापेक्षा किती तरी मोठ्या थंडीत त्यांची लेक तीच साडी नेसून, खाली लोकर चढवून, हातात वाणाची वाटी घेऊन उभी होती. दोन छोटी वाक्यं. पण इरकलीचा तो आडवा पदर, लाल रेशमात पांढऱ्या देवळांच्या शिखरांसारखी टोकं काढलेला, मला त्या बर्फापुढे जितका ऊबदार दिसला तितका कधी इथल्या उन्हात दिसला नव्हता.

कधी कधी काही न लिहिणंही चालतं. बाळाच्या बोरन्हाणाचा फोटो असतो: काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, वरून पडणारी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि त्या वर्षावात भांबावून वर पाहणारे दोन डोळे. तिथे मी फक्त नाव आणि साल लिहीन. पुढे तेच लेकरू पंचवीस वर्षांचं होऊन हा फोटो शोधेल तेव्हा त्याला पहिल्यांदा तेच हवं असेल, आणि बोरं कुणी टाकली तेही. आईच्या लिफाफ्यातल्या ज्या फोटोंमागे काही लिहिलेलं नाही, त्यांतल्या माणसांकडे मी अजून टक लावून बघते. काळ्या साडीतल्या एक बाई आहेत, डाव्या कोपऱ्यात, हातात सुगड. हसताहेत. त्यांचं नाव सांगू शकणारं आता कुणी नाही.

भाचीनं ती ओळ टाकली तेव्हा दिवेलागण झाली होती. नमस्काराचे हात, काळी बदामं, छान दिसतेस, असं सगळं येऊ लागलं. तिच्या एका मैत्रिणीनं विचारलं, तिसरी कुठून, डावीकडून की उजवीकडून? तेवढ्यात आत्यानं वाचलं. आत्या फोनवर सावकाश लिहिते, एकेक अक्षर शोधून, त्यामुळे तिचं उत्तर आलं ते सगळ्यांच्या नंतर, जेवणं झाल्यावर. लिहिलं होतं, “तीळ नाही गं, खसखस. माळेला खसखसच लागते, दाणा बारीक राहतो. बांगड्यांत तीळ आहेत आणि कमरपट्ट्याला साबुदाणा.”

हे वाचून मला तिचं स्वयंपाकघर दिसलं. मंद शेगडी, वर परात, परातीत मूठभर खसखस, लिंबाच्या थेंबांनी स्वच्छ केलेला पाक चमच्या-चमच्यानं घालत, बोटांच्या टोकांनी दाणे हलवत, चटके सोसत बसलेली आत्या. एक थर वाळला की दुसरा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, विस्तव वाढला की पाक पिवळा पडतो, आणि हवा कोरडी गार नसेल तर काहीही करा, काटा येत नाही, दाणा गुळगुळीतच राहतो. त्या आठवड्यात मिरजेला आभाळ भरून होतं.

भाचीनं ओळ लगेच दुरुस्त केली. तिळाच्या जागी खसखस आली, ‘गळ्यातली खसखस आत्याच्या हातची’. ऐकायला पहिलीहून किंचित खरबरीत आणि पहिलीहून कितीतरी खरी. तीळ न् तीळ यात एक लय होती, पण ती लय कुणाच्याही हाती लागली असती. खसखस फक्त ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. दुरुस्ती बघून आत्याचं आणखी एक उत्तर आलं:

“आता बरोबर. आणि काटा शेवटच्या दोन दिवसांत आला, ढग गेल्यावर. ते लिहायला जागा आहे का?”

जागा होती. तिनं लिहिलं.